परदेशात राहून वारशाची शेती तपासायची तर: आधी कागद, मग माती

आमच्या घरात एक निवृत्त तलाठी आहेत आणि एक निवृत्त कृषी सहायक. पहिले माझे यजमान, दुसरी मी. त्यामुळे मेलबर्नच्या पुतण्याचा फोन आला, "काकू, बाबांची जमीन आता आमच्या नावावर येणार, मला इथून काय काय बघता येईल?", तेव्हा त्याला एकाच घरातून दोन उत्तरं मिळाली. हे म्हणाले, "आधी उतारे काढ." मी म्हणाले, "आधी खड्डा घे." दोघांचंही बरोबर होतं, पण क्रम यांचा बरोबर होता. मातीचा नमुना कुठल्या गटातून घ्यायचा हेच ठाऊक नसेल तर खड्डा घेऊन काय करणार?

त्याची केस साधी आहे. चार एकर, म्हणजे सातबाऱ्यावर 1.62 हेक्टर. वडील मार्चमध्ये गेले. मागे आई, तो आणि पुण्यातली बहीण. जमीन वाट्यानं कसायला चुलतभावाकडे. महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत थोड्याफार फरकानं हेच चित्र असतं, म्हणून त्याला सांगितलं ते इथे लिहिते.

परदेशात राहणारा भारतीय नागरिक किंवा तिकडचं नागरिकत्व घेतलेला ओसीआय कार्डधारक शेतजमीन विकत घेऊ शकत नाही, पण वारशानं त्याला ती मिळू शकते. पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्यालाच विकता येते. एवढं डोक्यात ठेवलं की निम्मी घाबरगुंडी कमी होते.

आता कागद. `bhulekh.mahabhumi.gov.in` वर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकून सातबारा आणि आठ-अ, म्हणजे एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा एकत्र उतारा, फुकट पाहता येतो, पण ती प्रत फक्त माहितीसाठी. कामाला चालणारी, डिजिटल सही आणि क्यूआर कोड असलेली प्रत `digitalsatbara.mahabhumi.gov.in` वर 15 रुपयांत मिळते. तिथे ओटीपी लागतो, म्हणून भारतातला मोबाइल नंबर बंद करू नका. पुतण्यानं तो दोन वर्षांपूर्वीच बंद केला होता. शेवटी बहिणीच्या फोनवर ओटीपी यायचा आणि तो व्हिडिओ कॉलवर वाचून घ्यायचा. तिची झोप आणि त्याची दुपार जुळवता जुळवता एका उताऱ्याला तीन दिवस गेले.

गट नंबर माहीत नसेल तर नावावरून शोधता येतं. नावाचं शुद्धलेखन मात्र वेगवेगळं करून बघा, कारण संगणकावर चढवताना "ज्ञानोबा"चा "ग्यानबा" झालेला असू शकतो.

उतारा हातात आला की लोक क्षेत्र आणि नाव बघून थांबतात. आमचे हे उजवीकडच्या "इतर हक्क" या रकान्यापासून सुरू करतात. सोसायटीच्या पीककर्जाचा इकरार, बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वाट, कुळाची नोंद, कोर्टाची मनाई, सगळं तिथे असतं. कर्ज फिटूनही बोजा तसाच राहिलेला असतो, कारण बेबाकी दाखला तलाठ्याकडे कुणी नेलेलाच नसतो. मग भूधारणा पद्धती बघायची. भोगवटादार वर्ग-1 असेल तर ठीक. वर्ग-2 असेल तर जमीन हस्तांतरित करायला शासनाची परवानगी लागते, आणि "काय भाव मिळेल?" हा प्रश्न तिथेच थांबतो. नावाला कंस असेल तर ते नाव कमी झालेलं आहे. कोणत्या फेरफारानं, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या कोणत्या नोंदीनं, कमी झालं तो नंबर शेजारी असतो, तो लिहून ठेवा आणि फेरफाराची प्रत काढा. भावकीच्या जमिनीत खरी गोष्ट फेरफारात असते, सातबाऱ्यात फक्त तिचा शेवट दिसतो.

पुतण्याच्या बाबतीत एका जुन्या फेरफारानं आत्याचं नाव कमी झालं होतं. "हक्क सोडला" असा शेरा. नोंदणीकृत हक्कसोडपत्र होतं की नुसता जबाब, हे त्या फेरफाराच्या कागदांतून कळतं. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार आणि जुने सातबारे स्कॅन करून `aapleabhilekh.mahabhumi.gov.in` वर ठेवले आहेत. तिथे नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्यावा लागतो, आणि त्यासाठी माणूस पाठवावा लागतो.

नोंदणीकृत व्यवहार `freesearchigrservice.maharashtra.gov.in` वर तपासता येतात. गट नंबर आणि वर्ष टाकलं की सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, येते. वडिलांनी कुणाला साठेखत करून दिलं होतं का, गहाणखत आहे का, हे तिथून कळतं. एक वर्ष बघून समाधान मानू नका, तिथे जितकी वर्षं मिळतात तितकी मागे जा. कंटाळवाणं काम आहे, पण रविवारी चहा घेत होतं. दिवाणी दावे `services.ecourts.gov.in` वर पक्षकाराच्या नावानं शोधता येतात.

वारस नोंद मात्र राहू देऊ नका. जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन जातो. सोबत मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं. सगळ्या म्हणजे सगळ्या, लग्न झालेली बहीणही. नोंद धरली की नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. "आपली चावडी"वर गावातल्या चालू फेरफारांच्या नोटिसा दिसतात. माझा आग्रह असा की महिन्यातून एकदा तिथे आपल्या गावाचं पान उघडायचं. तुमच्या गटावर दुसऱ्या कुणी काही नोंदवत असेल तर हरकतीची मुदत संपायच्या आत तुम्हाला कळेल.

या सगळ्याला मुखत्यारपत्र लागत नाही. मोजणीला किंवा कार्यालयात तुमच्या वतीनं सही करायला लागतं. ते भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून घ्या किंवा अपोस्टील करा, आणि भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्या. फक्त त्या एका कामापुरतं करा. "सगळं बघतो, सर्वाधिकार दे" असं प्रेमानं म्हणणारा नातलग प्रामाणिक असेलही, पण मसुद्यात "विक्री" हा शब्द आला की पेन खाली ठेवा. व्हॉट्सॲपवर आलेल्या हक्कसोडपत्राच्या मसुद्यालाही हाच नियम.

आता माझा भाग.

जमीन शेताच्या नकाशाशी जुळवण्यासाठी `mahabhunakasha.mahabhumi.gov.in` वर गट उघडा आणि गूगल अर्थच्या चित्राशेजारी ठेवा. बांध, विहीर, ओढा ओळखू येतात. गूगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची चित्रंही असतात. ओढ्याकाठची पट्टी दरवर्षी आत सरकतेय का, शेजारचा बांध पाच वर्षांत हलला का, याचा अंदाज येतो. अंदाजच, मोजणी नव्हे. पीक आहे की पड, हे `browser.dataspace.copernicus.eu` वर सेंटिनेल-2 च्या चित्रांत फुकट दिसतं. ते उपग्रह साधारण पाच दिवसांनी येतात आणि एक ठिपका दहा मीटरचा असतो, त्यामुळे चार एकरांत रब्बीत हिरवं होतं की नाही हे कळायला पुरतं. सातबाऱ्याच्या नमुना 12 मधली पीक नोंद आता ई-पीक पाहणी ॲपवरून होते. चित्र आणि नोंद जुळत नसेल तर विचारायला मुद्दा सापडला.

मातीच्या नमुन्याला मात्र माणूस शेतातच उभा हवा. कृषी विज्ञान केंद्र किंवा जिल्ह्याची मृद चाचणी प्रयोगशाळा नमुना तपासते, नमुना कुणी आणून द्यायचा ते तुम्ही ठरवायचं. पुतण्याचा नमुना पहिल्यांदा चुलतभावानं दिला. अहवाल आला, सगळं मध्यम, सगळं छान. मी विचारलं, कुठून घेतला? "बांधावरून, तिथे सावली होती." त्या बांधावर दरवर्षी शेणखताचा ढीग असतो.

मग मी स्वतः गेले आणि फोन चालू ठेवला. आधी फोनवर स्थान पाठवलं, म्हणजे आपण त्याच गटात आहोत याची खात्री झाली. मग शेतात नागमोडी चालत बारा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीस सेंटीमीटर खड्डा घेतला. खड्ड्याच्या कडेची दोन बोटं जाडीची माती खुरप्यानं वरून खाली खरवडून प्लास्टिकच्या बादलीत टाकली. लोखंडी घमेलं नको, त्यानं लोह आणि जस्ताचे आकडे बिघडतात. विहिरीजवळची, झाडाखालची, नुकतं खत टाकलेली जागा टाळली. सगळी माती गोणपाटावर पसरली, चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले, असं करत अर्धा किलो उरली. सावलीत वाळवून दोन पिशव्या भरल्या. एक प्रयोगशाळेला, एक घरी. गट नंबर, तारीख, खोली पिशवीवर, आणि तीच चिठ्ठी पिशवीच्या आतही. हे सगळं मेमध्ये, पेरणीच्या आधी.

मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी येतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, आणि जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. कर्ब 0.5 टक्क्यांच्या खाली असेल तर कमी. सामू 8.5 च्या वर गेला तर चोपणाची, म्हणजे सोडियम वाढून जमीन बिघडल्याची, शंका घ्या, विशेषतः कालव्याखाली. पत्रिकेत जे नसतं ते वेगळं मागा: मुक्त चुनखडी आणि मातीचा पोत. फळबाग लावायचा विचार असेल तर चुनखडीचं प्रमाण कळल्याशिवाय रोपांची चौकशीही करू नका. विहिरीचं पाणीही एका स्वच्छ बाटलीत सोबत द्या.

खोली तर कुठलीच प्रयोगशाळा सांगत नाही. फळबागेसाठी दोन ठिकाणी तीन फुटांचा खड्डा घ्यायला लावा आणि मोजपट्टी आत उभी धरून फोटो मागा. पुतण्याच्या शेताच्या वरच्या अंगाला दीड फुटावर मुरूम लागला, खालच्या अंगाला तीन फुटांवरही काळीच. चार एकर एक शेत नव्हतंच, दोन शेतं होती, म्हणून नमुनेही दोन केले. आणि वरच्या अंगाचा मुरूम पाहून त्याचा संत्र्याचा बेत तिथल्या तिथे निम्म्यावर आला.

राहता राहिली हद्द. ती पडद्यावर ठरत नाही. ई-मोजणीचा अर्ज भरता येतो, फी भरता येते, पण भूकरमापक येतो त्या दिवशी तुमचा माणूस बांधावर उभा लागतो आणि लगतच्या शेतकऱ्यांना नोटीस गेलेली असावी लागते. मोजणीनंतर हद्दी दाखवणाऱ्या नकाशाची "क" प्रत मागून घ्या. पीक उभं असताना मोजणी ठेवू नका. पुतण्याच्या मोजणीची तारीख ज्वारी निघाल्यावरची घेतली आहे. मुखत्यारपत्र बहिणीच्या नावे केलंय, त्यात मोजणीपलीकडे एक शब्दही नाही.