टेबलाची पाळी

त्या घरात अभ्यासाचं टेबल एकच होतं, आणि तेही मुळात दार होतं. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात औसा तालुक्यातलं आजोबांचं माळवदाचं घर बसलं, तेव्हा मातीतून दाराच्या दोन सागवानी फळ्या तेवढ्या धड निघाल्या. पुढं वाटणीत एक थोरल्या काकांकडं गेली आणि त्यांच्या गोठ्यात पेंडीची पोती पेलू लागली. दुसरीला अप्पांनी सुताराकडून चार पाय लावून घेतले. कडीच्या जागचं भोक तसंच राहिलं.

भांडणाचं मूळ ते भोकच. सारिकाताई दहावीला, गोविंदा सातवीला. दोघांनी खडूनं मधोमध रेघ ओढली, ती नेमकी भोकातून गेली. मग भोकात पडलेलं खोडरबर कुणाचं? गोविंदाचं पेन तिकडं घरंगळलं की ताई ते जप्त करायची. ताईचं कोपर इकडं आलं की गोविंदा करकटकाचं टोक उभं धरून बसायचा. शिवाय खिडकी ताईच्या बाजूला आणि बल्ब गोविंदाच्या. दिवसा तो कुरकुरायचा, रात्री ती.

"सरक की तिकडं! माझा कोन हलायलाय."

"तुझा कोनच वाकडा. मी काय करायलो?"

एका संध्याकाळी ओढाताणीत पाण्याचा तांब्या कलंडला. गोविंदाच्या नकाशातला अख्खा मराठवाडा भिजला. ज्या जिल्ह्यांना टँकरनं पाणी पुरवावं लागतं, तिथं गोदावरी पसरली. ताईला हसू आवरेना, म्हणून तो जास्तच चिडला आणि त्यानं तिची भूमितीची वही खिडकीतून बाहेर फेकली. वही पडली ती थेट शेणाच्या पाटीत.

आई पिठाच्या हातानं आली. "उद्या टेबल काकाच्या गोठ्यात. दोन्ही फळ्या एकाजागी होतील."

त्या आठवड्यात शेतातल्या मोटारीला लाईट रात्रीची होती. अप्पा बॅटरी घेऊन निघाले होते, ते दारातच थांबले. कोनाड्यातल्या डब्यातून त्यांनी घडीवर विरलेला एक कागद काढला. विहीर काकांची आणि त्यांची सामाईक. कोणत्या आठवड्यात कुणाचं पाणी, ते त्यावर लिहिलेलं होतं. खाली दोघांच्या सह्या.

"ह्याच्या आधी मी अन् तुमचा काका एकदा फावडी घेऊन उभे होतो," अप्पा म्हणाले. "लिहा तुम्ही पण."

एवढं बोलून ते गेले. आजीनं मात्र पुस्ती जोडली, "तोंडानं ठरवू नका. तोंडचं सकाळी पलटतंय."

मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहायला बसले, तर पहिला अर्धा तास मथळा कुणी लिहायचा यावरच गेला. शेवटी ताईनं लिहिलं आणि गोविंदानं खाली लाल रेघ मारली:

टेबलाची पाळी
पहाटे ५ ते ७ : ताई
७ ते ८ : गोविंदा
संध्याकाळी ६ ते ८ : गोविंदा
रात्री ८ ते १०.३० : ताई
रविवारी सकाळी गोविंदा, दुपारी ताई.
पाळी नसेल त्यानं पोत्यावर बसावं. वाचन पोत्यावर, नकाशा आणि भूमिती टेबलावर.
लाईट गेली तर गेलेला वेळ भरून मिळणार नाही.
पाळी उसनी देता येईल. उसन्याची नोंद पाठीमागं करावी.
भोक दोघांचं.

लाईटच्या कलमावर बरीच घासाघीस झाली. पण अप्पांच्या विहिरीच्या कागदावरही तेच होतं, त्यामुळं गोविंदाला गप्प बसावं लागलं. दोघांनी सह्या केल्या. आजीनं कुंकवात बुडवून अंगठा दिला. कागद खिळ्याला लागला.

पहिल्या आठवड्यात दोघं घड्याळाकडंच जास्त बघायचे. आठ वाजायला दोन मिनिटं असताना ताई मागं येऊन उभी राहायची आणि गोविंदा मुद्दाम सावकाश पट्टी पुसायचा. पण आठला उठायचा. भोकात पेन्सिलींचा तांब्या बसवला, तोच तो कलंडलेला.

फेब्रुवारी लागला तशी ताईची सराव परीक्षा सुरू झाली. एका रात्री ती पोत्यावर बसून मांडीवर भूमितीची आकृती काढत होती आणि कंपास सारखा घसरत होता. गोविंदा सव्वासातलाच उठला.

"उसनी देतो. पाऊण तास. लिही पाठीमागं."

मग रोजच थोडं थोडं उसनं चढत गेलं. गोविंदा पेन्सिलीनं काड्या मारायचा. मार्चमध्ये ताईचा शेवटचा पेपर झाला, तेव्हा काड्यांची बेरीज २३ तास भरली.

परीक्षेहून आल्यावर ताईनं टेबल पुसलं, कागद उलटा करून बेरीज तपासली आणि गोविंदाला हाक मारली. तो बॅट घेऊन चपला शोधत होता.

"२३ तास देणं आहे तुझं. ये, बस."

"आता?"

"आता. आजीचा अंगठा आहे त्याच्यावर."

गोविंदानं एकदा टेबलाकडं बघितलं, एकदा बाहेर थांबलेल्या पोरांकडं.

"ताई, व्याज नको मला," तो म्हणाला, "पण मुद्दल पण राहू दे की गं."