‘नंबर सांगा’ : आवाज आणि चित्रांचा आराखडा, दुसरा मसुदा

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कॉल जोडणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या बाईंची मुलाखत ५२ मिनिटांची, तिच्यावरची आपली अ‍ॅनिमेशन फिल्म ३ मिनिटं ४० सेकंदांची. आवाजाचं संकलन पक्कं झालंय, आता त्याला हात लावायचा नाही. सेकंदाला २४ फ्रेम आणि दर दोन फ्रेमला एक चित्र धरलं, तर सगळं हलतं ठेवायला २६४० चित्रं लागतील. काढणारे आपण दोघं. म्हणून पूर्ण अ‍ॅनिमेशन तीनच जागी. बाकी ठिकाणी एकच चित्र तीनदा गिरवून आलटून पालटून दाखवू, रेष थरथरत राहील इतपत.

बाईंनी चेहरा दाखवू नका म्हणून सांगितलंय. पाठमोरी आकृतीही नको, फक्त हात.

०:०० ते ०:११. खुर्ची करकरते, बाई विचारतात, “चालू झालं का?” कोरा कागद. हे वाक्य काढायचा मोह मलाही झाला होता, पण त्यातच त्यांचा स्वभाव कळतो.

०:११ ते ०:५२. टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डाचं वर्णन. कॉर्ड, प्लग, जॅक त्या इतक्या नेमक्या सांगतात की तेच पुन्हा काढणं म्हणजे शाळेतला तक्ता होईल. त्या बोर्डाबद्दल बोलत असताना आपण बोटं काढू: नखं, मनगटावरचं घड्याळ. (पूर्ण अ‍ॅनिमेशन, पहिली जागा.)

०:५२ ते १:४०. रात्रपाळीतले कॉल. स्थिर चित्रं पुरेत.

१:४० ते २:१६. इथे फिल्म आहे. मृत्यूची बातमी देणारा कॉल जोडायचा, आणि ती बातमी घेणाऱ्याच्या आधी आपल्याला कळलेली. “आम्ही ऐकलं नाही असंच धरायचं,” असं म्हणून बाई सात सेकंद गप्प. २:१६ ते २:२३, १६८ फ्रेम. या वेळात रेषेची थरथरही बंद, एकच चित्र. प्लग जॅकपासून बोटभर लांब. मागे संगीत नाही, खोलीचा रेकॉर्ड केलेला आवाज तसाच राहू द्या. २:२३ ला त्या श्वास घेतात. प्लग आत जाणं या श्वासावर, पुढच्या शब्दावर नाही; आणि चित्र आवाजाच्या दोन फ्रेम आधी. (दुसरी जागा.)

२:२३ ते २:५८. त्या हसतात. ते हसू आहे की आणखी काही, ते आपण ठरवायचं नाही. नुसती लोंबणारी कॉर्ड हलू दे. (तिसरी जागा.)

२:५८ ते ३:४०. निवृत्तीनंतरचं बोलणं. आधीच्याच चित्रांतून निभेल.

आधी पेन्सिलीच्या कच्च्या चित्रांचं अ‍ॅनिमॅटिक आवाजावर बसवू आणि रंगाआधी बाईंना दाखवू. १:४० चा भाग नको म्हणाल्या तर तो जाईल, मग फिल्म तीन मिनिटांच्या आत आली तरी चालेल. म्हणूनच तुम्ही ०:११ पासून सुरुवात करा. मधल्या भागाची पक्की चित्रं त्यांचा होकार आल्यावरच.