मैदानाच्या वेळापत्रकाबाबत मामांना पत्र

वडगाव, बेळगाव
१८ जानेवारी २०२६

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी मैदानावर जी वादावादी झाली, ती तुम्ही मध्ये पडून मिटवलीत. क्रिकेटच्या पोरानं उचललेला बॉल फुटबॉल खेळणाऱ्या एका शाळकरी मुलाच्या खांद्यावर बसला. दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या अंगावर गेली आणि बोलणी मात्र तुम्हाला खावी लागली. त्या मुलाचा खांदा आता बरा आहे. बॉल चार बोटं वर बसला असता तर काय झालं असतं, हा विचार मनातून जात नाही. म्हणून क्रिकेटवाले आणि फुटबॉलवाले आम्ही परवा एकत्र बसलो, सगळ्यांच्या ड्युट्या आणि शाळा-कॉलेजच्या वेळा समोर ठेवल्या आणि सकाळ-संध्याकाळचं एक वेळापत्रक जुळवलं. ते तुमच्यापुढं ठेवण्यासाठी हे पत्र. मैदानाची चावी तुमच्याकडं आहे, तेव्हा तुमचा होकार आल्याशिवाय काहीच सुरू होणार नाही.

आधी भांडणाचं मूळ सांगतो, कारण वेळ वाटून घेतली तरी जागेचा प्रश्न उरतोच. आपलं पिच मैदानाच्या मधोमध आहे आणि फुटबॉलवाले खेळतात तेही मधोमधच. आपली माती काळी. पाणी मारलं की फुगते, ऊन लागलं की आवळते आणि दगडासारखी होते. तुम्ही दुपारी पिचवर पाणी मारता, संध्याकाळी त्याच ओल्या मातीवरून स्टडचे बूट धावतात आणि सकाळपर्यंत प्रत्येक स्टडचा खळगा वाळून घट्ट होतो. गुड लेंग्थवर बॉल पडला की एक छातीवर येतो आणि पुढचा घोट्याखाली सरपटतो. लेदर बॉलनं सराव करणाऱ्या पोरांच्या तोंडाला हा धोका रोजचा आहे. फुटबॉलवाल्यांचंही म्हणणं खरं आहे: रोलर फिरवून घट्ट केलेल्या पट्टीवर स्टड रुततच नाहीत, पाय सटकतो, गुडघे फुटतात. म्हणजे ती पट्टी दोघांनाही अडचणीची झाली आहे.

त्यावर आम्हाला सुचलेलं असं. पिच आहे तिथंच राहू दे, ते उत्तर-दक्षिण आहे आणि सकाळ-संध्याकाळचं ऊन बॅटिंगवाल्याच्या डोळ्यात येत नाही. फुटबॉलचे गोल मात्र आज पूर्व-पश्चिम लागतात, त्यामुळं एका बाजूचा गोलकीपर मावळत्या सूर्याकडं डोळे मिचकावत उभा असतो. ते गोल फिरवून पिचला समांतर, पूर्वेच्या अर्ध्या भागात लावायचे. अकरा-अकराचं पूर्ण मैदान तसंही आपल्याकडं बसत नाही, सात-सातचं पंचावन्न मीटर लांब आणि पस्तीस मीटर रुंद आरामात बसतं. पिच वीस मीटरच्या थोडं वर लांब आणि तीन मीटर रुंद. त्याच्या चारी बाजूंना दोन-दोन मीटर सोडून खुंट्या ठोकायच्या आणि संध्याकाळी दोरी बांधायची. दोरीच्या आत कोणाचाही पाय पडणार नाही. बॉल आत गेला तर एकानं बूट काढून जाऊन आणायचा, हे फुटबॉलच्या पोरांनी स्वतःहून सुचवलं.

पाण्याचंही एक सांगायचं आहे. दुपारी पाणी मारण्याऐवजी खेळ संपल्यावर, सातच्या सुमारास मारलं तर रात्रभर ते मुरतं. सकाळी अंगठा दाबून बघायचं: ओल लागली पण माती बोटाला चिकटली नाही, की रोलर फिरवायला ती बरोबर वेळ. पाईप धरायला रोज क्रिकेटमधले दोघं आणि रोलर ओढायला चौघं येतील. तुम्ही फक्त मोटारीचं बटण दाबून द्यायचं. रात्री वीज नसेल तर त्या दिवशी पाणी राहू दे, पिचला एक दिवस चालतं.

आता वेळा. फेब्रुवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो, त्यामुळं सहाला बॉल दिसतच नाही. पण पळायला उजेड लागतोच असं नाही. म्हणून मंगळवार ते शनिवार पहाटे सहा ते सात फुटबॉलवाले कडेकडेनं पळतील आणि व्यायाम करतील. त्याच वेळी फिरायला येणारी काकू-आजोबा मंडळी असतात, त्यांची आतली वाट मोकळी राहील. सात ते साडेआठ क्रिकेटची नेट. उद्यमबागच्या फाउंड्रीत जाणाऱ्या पोरांना आधी बॅटिंग द्यायची, कारण पहिल्या शिफ्टला गेटवर उशीर झाला की त्यांचा पगार कापला जातो. मागावर काम करणाऱ्यांना आणि कॉलेजच्या पोरांना त्यांच्यानंतर. एक एप्रिलपासून उजेड लवकर होतो, तेव्हा नेट सव्वासहा ते पावणेआठ आणि पळणं साडेपाचला.

संध्याकाळी चार ते पाच लहान मुलांची. त्यांना रबरी बॉलनं, चपलेचा स्टंप करून, कसंही खेळू दे. या एका तासात मोठ्यांपैकी कोणीही त्यांना हाकलायचं नाही, ही अट मी स्वतः धरून बसलो आणि सगळ्यांनी मान्य केली. आपण सगळे तसेच खेळत मोठे झालो. पाच ते साडेसहा मंगळवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार फुटबॉल, गुरुवार टेनिस बॉलचं क्रिकेट. क्रिकेटला संध्याकाळी एकच दिवस का, असं आमच्यातल्या काहींनी विचारलं. सकाळचे पाचही दिवस नेट आपल्याकडं आहे, आणि मैदानात माणसं असताना उंच फटके मारणं थांबवायचं असेल तर संध्याकाळ त्यांना सोडणं हाच न्याय आहे, हे शेवटी पटलं.

बुधवारी आणि शनिवारी पाच ते पावणेसहा मुली खेळतील. खासबाग आणि शहापूरच्या मुली मिळून आता चांगला संघ होतो आहे, पण कोपऱ्यात जागा मिळते आणि अंधार पडायच्या आत घरी पोचायचं असतं. त्यांना पूर्ण सात-सातचं मैदान आणि दोन्ही गोल मिळावेत. त्यांचा वेळ चालू असताना मुलांनी कडेला शांत बसावं, शेरेबाजी करणाऱ्याला तुम्ही बाहेर काढलंत तर आम्ही एक शब्द बोलणार नाही.

रविवारी सकाळी सात ते अकरा क्रिकेटची मॅच, संध्याकाळी साडेचार ते साडेसहा फुटबॉलची. सोमवार मैदान पूर्ण बंद. रविवारी रात्री भरपूर पाणी, सोमवारी माती झोपू दे, आणि मामा, तुम्हीही तो दिवस घरी राहा. वर्षभर रोज पहाटे गेट उघडायला येणाऱ्या माणसाला आठवड्याला एक सुट्टी असावी, हे आम्ही इतके दिवस कोणीच बोललो नव्हतो. सोमवारी फिरायला येणाऱ्यांसाठी छोटं गेट उघडायची जबाबदारी आमच्यातला एकजण घेईल.

सण आणि पाऊस यांचं वेगळं ठरवावं लागेल. नवरात्रात नऊ दिवस पहाटे दुर्गामाता दौड असते, अर्धी पोरं तिथंच असतात, तेव्हा सकाळची नेट दौड संपून पोरं परतल्यावर सुरू होईल. वैशाखातल्या शिवजयंतीला चित्ररथाच्या तयारीत रात्री जातात, त्या दोन दिवसांत सकाळी कोणी येईल अशी आशा नाही. मंगाईच्या यात्रेला गाड्या मैदानात लागतात, तो दिवस खेळ नाही. पावसाळ्यात जूनपासून पिच झाकून ठेवायचं, लेदर बॉल बंद. फुटबॉलवाल्यांना चिखलात खेळायची हौस असते, पण एकदा काळी माती तुडवली की दिवाळीपर्यंत मैदान खडबडीत राहतं. म्हणून पाणी साचलेलं असेल तर कोणीच उतरायचं नाही. मैदान खेळण्यासारखं आहे की नाही, हे मॅचमध्ये अंपायर ठरवतो, इथं तुम्ही ठरवा. तुम्ही ‘आज नाही’ म्हणालात की त्यावर वाद नाही.

एका गोष्टीची मला खरोखर काळजी आहे. ते पाईपचे हलते गोल नुसते उभे असतात. लहान मुलं वरच्या पाईपला लोंबकळतात आणि तो पुढं कलतो. असा गोल अंगावर पडून मुलं दगावल्याच्या घटना जगात अनेक ठिकाणी घडल्या आहेत. खेळ संपला की दोन्ही गोल भिंतीला टेकवून साखळीनं बांधायचे, आणि खेळताना मागच्या पाईपवर वाळूची पोती ठेवायची. साखळी आणि कुलूप आम्ही आणतो, एक किल्ली तुमच्याकडं राहील. हे वेळापत्रक तुम्हाला मान्य झालं नाही तरी साखळी या आठवड्यातच लावू द्या, ही हात जोडून विनंती.

खर्चाचा भार तुमच्यावर किंवा मैदानावर नको. कमावणारी पोरं महिन्याला पन्नास रुपये देतील, शिकणाऱ्यांकडून काही घ्यायचं नाही. त्यातून फक्की, दोरी, नेटची डागडुजी आणि रोलरच्या बेअरिंगचं ग्रीस एवढं निघतं. हिशेबाची वही तुमच्या खोलीत राहील, कोणालाही बघता येईल. शेजारच्या घरांतून दहावीची मुलं मार्च-एप्रिलमध्ये अभ्यासाला बसलेली असतात, त्या दोन महिन्यांत शिट्टी आणि आरडाओरडा सकाळी साडेसहाच्या आधी अजिबात नाही.

वेळापत्रक फळ्यावर मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहून गेटजवळ लावतो. फुटबॉलमधल्या तीन-चार पोरांचं घरचं बोलणं कन्नड आहे आणि त्यांच्यापैकीच एकाचं अक्षर सुंदर आहे, तोच लिहिणार आहे. तक्रार असेल तर क्रिकेटचा एक आणि फुटबॉलचा एक असे दोघंच तुमच्याशी बोलतील. वीसजणांनी तुमच्याभोवती घोळका करायचा नाही.

एक फेब्रुवारी रविवारी येतो, तिथून महिनाभर करून बघूया. जे जमणार नाही ते मार्चच्या पहिल्या सोमवारी तुमच्यासमोर बसून बदलू. तुम्हाला यात काही खटकत असेल, विशेषतः रात्रीच्या पाण्याचं, कारण त्यात तुमचा घरी जायचा वेळ लांबतो, तर मोकळेपणानं सांगा. त्यावर दुसरा मार्ग काढू.

गुरुवारी संध्याकाळी सातला टेप, खुंट्या आणि दोरी घेऊन आम्ही सहाजण येतो. फुटबॉलची रेघ कुठून जाईल ते तुम्ही दाखवा, तिथंच आम्ही फक्की मारतो.

आपला,
क्रिकेट खेळणाऱ्या पोरांतर्फे, फुटबॉलच्या मुला-मुलींच्या संमतीने

ता. क. रोलरचा दांडा एका बाजूनं सुटला आहे. उद्यमबागला कामाला असणारा आपला विकेटकीपर तो शनिवारी वेल्डिंग करून आणतो म्हणाला आहे. शुक्रवारी रात्री रोलर गेटच्या आत, बाहेर काढता येईल असा ठेवलात तर बरं होईल.