फोन रीस्टार्ट केल्यावर औषधाची आठवण येत नाही (आवृत्ती ४.८.२)

आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी हे ॲप वापरते. मांडणी सुटसुटीत, अक्षरं मोठी, त्यामुळे तिला ते स्वतः हाताळता येतं. पण ४.८.२ अपडेटनंतर फोन बंद करून चालू केला की आधी लावलेली एकही आठवण वाजत नाही. गोळी चुकू शकते, म्हणून सध्या दोनच तारे.

फोन पिक्सेल ७ए, अँड्रॉइड १४. दोष दर वेळी येतो. नवीन औषध टाका, दहा मिनिटांनंतरची वेळ लावून सेव्ह करा. फोन रीस्टार्ट करा, लॉक उघडा आणि ॲप न उघडता थांबा. वेळ उलटून जाते, ना आवाज ना नोटिफिकेशन. यादीत मात्र आठवण ‘चालू’ दिसते, आणि हेच जास्त धोक्याचं आहे. रीस्टार्टनंतर एकदा ॲप उघडलं, तर पुढच्या आठवणी वेळेवर वाजतात.

नोटिफिकेशन आणि ‘अलार्म व रिमाइंडर’ या दोन्ही परवानग्या दिलेल्या आहेत, बॅटरी ‘अनिर्बंध’ आहे. ॲप काढून पुन्हा टाकलं, फरक नाही. अँड्रॉइड १३ असलेल्या दुसऱ्या फोनवरही असंच होतं. ४.७ मध्ये ही अडचण नव्हती.

फोन बंद झाला की अँड्रॉइड सगळे अलार्म पुसतं आणि फोन चालू झाल्याचा BOOT_COMPLETED हा संदेश मिळाल्यावर ॲपला ते पुन्हा लावावे लागतात. तो भाग नव्या आवृत्तीत चालतोय का, ते कृपया आधी तपासा. स्क्रीन रेकॉर्डिंग ॲपमधल्या ‘मदत’ विभागातून पाठवलं आहे. दुरुस्ती आली की पुन्हा तपासून तारे बदलेन.