बिल क्र. ११८ व १३१ : थकीत रक्कम आणि ठरलेल्या अटीनुसार व्याज

अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर
१० नोव्हेंबर २०२५

प्रति,
श्री. महेशभाऊ,
घाऊक कापड व्यापारी, इतवारी, नागपूर

विषय : २ जून २०२५ च्या ऑर्डरमधील अट क्र. ६ नुसार उशिरा भरण्यावरील व्याज

स. न. वि. वि.

दिवाळी आपल्याकडे छान झाली असेल. पाडव्यानंतर फोनवर आपले बोलणे झाले तेव्हा आपण म्हणालात, "मूळ रक्कम लवकरच पाठवतो, व्याजाचं मात्र राहू द्या." तेव्हा मी लगेच उत्तर दिले नाही, कारण हिशोब समोर नव्हता. आता खाते नीट तपासून लिहितो आहे. व्याज सोडणे आम्हाला शक्य नाही. ते का, आणि रक्कम नेमकी किती, हे दोन्ही खाली मांडले आहे.

ऑर्डरवर आपली सही आहे. अट क्र. ६ अशी : "माल पोहोचल्यापासून ३० दिवसांत पूर्ण रक्कम भरावी. त्यानंतर थकीत रकमेवर दरसाल १८ टक्के दराने, दिवसांच्या हिशोबाने सरळ व्याज आकारले जाईल." ही ओळ छापील नमुन्यात आपोआप आलेली नाही. भाव ठरवताना आपण ४५ दिवस मागितले होते. आम्ही ३० दिवसांवर आलो आणि त्या बदल्यात नगामागे दोन रुपये कमी केले. ते दोन रुपये आपल्याला प्रत्येक टॉवेलवर मिळालेले आहेत.

हिशोब असा आहे.

बिल क्र. ११८, दिनांक १२ जून, रक्कम ₹२,४८,६४०. माल १६ जूनला पोहोचला. ट्रान्सपोर्टच्या पावतीवर आपल्या गोडाऊनचा शिक्का आणि तारीख आहे. मुदत १६ जुलैला संपली. आजपर्यंत ११७ दिवस झाले, यातला एकही रुपया आलेला नाही. व्याज ₹१४,३४६.

बिल क्र. १३१, रक्कम ₹१,७६,४००. काठ उसवलेल्या टॉवेलांबद्दल आपण कळवले होते, त्याची क्रेडिट नोट वजा जाऊन उरलेली ही रक्कम आहे. माल ११ जुलैला पोहोचला, मुदत १० ऑगस्टला संपली. १७ ऑक्टोबरला आपण याच बिलाचा नंबर टाकून एनईएफटीने ₹१,००,००० पाठवलेत, त्याबद्दल आभार. त्या तारखेपर्यंतच्या ६८ दिवसांचे व्याज ₹५,९१५ आणि उरलेल्या ₹७६,४०० वर पुढच्या २४ दिवसांचे ₹९०४, मिळून ₹६,८१९.

म्हणजे मुद्दल ₹३,२५,०४०, व्याज ₹२१,१६५, एकूण येणे ₹३,४६,२०५. आजच्या थकबाकीवर दर दिवशी साधारण ₹१६० व्याज चढते आहे. व्याजावर व्याज कुठेही लावलेले नाही. या व्याजावर जीएसटीही लागतो, पण तो वरच्या रकमेतच धरला आहे, वेगळा मागणार नाही. व्याज जमा झाले की त्याची डेबिट नोट पाठवू.

उधारीचा ताण नागपुरातही असेल, आपले पैसेही पुढच्या दुकानदारांकडे अडकले असतील. ते मी समजू शकतो. पण ती वसुली झाल्यावर आमचे पैसे द्यायचे, असे आपल्यात ठरलेले नव्हते. इकडे सूतवाला पंधरा दिवसांच्या वर थांबत नाही, साइझिंगचे बिल महिन्याच्या महिन्याला येते, आणि मागावरच्या कामगारांचा पगार दर आठवड्याला हातात पडावा लागतो. या दिवाळीला आपले पैसे येतील असे धरून बोनसची तारीख सांगितली होती. ते आले नाहीत म्हणून बँकेच्या कॅश क्रेडिटमधून रक्कम उचलली. बोनस वेळेवर दिला, त्यात कामगारांचा काय दोष? पण बँकेचे व्याज मात्र आम्ही भरतो आहोत. अट क्र. ६ मधले व्याज हा आमचा जादा नफा नाही, हे आपण लक्षात घ्यावे ही विनंती. शिवाय सोलापूरचा माल घेणारे आमचे इतर व्यापारी याच अटीवर वेळेत पैसे भरतात. एकाला सूट द्यायची आणि दुसऱ्याकडून शब्द पाळून घ्यायचा, हे आम्हाला पटत नाही.

आणखी तीन गोष्टी आपल्या सी.ए.ना दाखवाव्यात, कारण त्यांत आपले नुकसान आहे.

आमचा कारखाना उद्यम नोंदणीत लघुउद्योग आहे आणि तो नोंदणी क्रमांक दोन्ही बिलांवर छापलेला आहे. एमएसएमईडी कायदा २००६ च्या कलम १५ प्रमाणे ठरलेल्या तारखेच्या आत पैसे द्यावे लागतात, आणि ठरलेली मुदतही ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. उशीर झाला तर कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. बँक दर आज, १० नोव्हेंबर २०२५ रोजी, ५.७५ टक्के आहे, म्हणजे तिप्पट १७.२५. आकडा १८ पेक्षा लहान दिसतो, पण चक्रवाढ धरली तर वर्षाला तो १८ च्या वर जातो. आम्ही आपल्याकडे करारातले सरळ व्याजच मागतो आहोत.

दुसरे, आयकर कायद्याच्या कलम ४३ब(एच) प्रमाणे ही मुदत उलटलेली रक्कम ३१ मार्चपर्यंत दिली नाही, तर त्या खरेदीची वजावट या वर्षी मिळत नाही. ती प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळते.

तिसरे सर्वांत जवळ आले आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. बिल क्र. ११८ चे १८० दिवस ९ डिसेंबरला भरतात.

म्हणून विनंती अशी : संपूर्ण ₹३,४६,२०५ गुरुवार, २० नोव्हेंबरपर्यंत बिलावर दिलेल्या त्याच बँक खात्यात आरटीजीएसने जमा करावेत. तोपर्यंत पूर्ण रक्कम आली तर आजपासून पुढचे दहा दिवसांचे व्याज आम्ही आकारणार नाही. आमच्याकडून एवढी सवलत आहे. एकदम शक्य नसेल तर १४ नोव्हेंबरपर्यंत लेखी कळवा : मुद्दल कोणत्या तारखेला, व्याज कोणत्या तारखेला. दोन हप्ते चालतील, पण तारखा पक्क्या हव्यात, आणि दुसरा हप्ता ५ डिसेंबरच्या पुढे जाऊ नये. त्या पर्यायात व्याज जमा होईपर्यंत दिवसाप्रमाणे चालू राहील.

हिशोबात कुठे तफावत वाटली, एखादी भरणा पावती आमच्या नजरेतून सुटली असेल, तर आपल्या अकाउंटंटना लेजरसह फोन करायला सांगा. आमच्या ऑफिसात सकाळी दहा ते सहा कोणीही बोलू शकेल. चूक असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करून देतो.

२० तारखेपर्यंत पैसे किंवा १४ तारखेपर्यंत लेखी वेळापत्रक, दोन्हींपैकी काहीच आले नाही, तर सूक्ष्म व लघुउद्योग सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करण्याशिवाय आमच्यापुढे मार्ग राहणार नाही. तिथे कलम १६ चे चक्रवाढ व्याज मागावे लागेल. त्या वाटेने जायची मला मनापासून इच्छा नाही. संक्रांतीच्या हंगामासाठी आपण विचारलेल्या जॅकार्ड चादरींचे नमुने तयार आहेत. जुने खाते मिटले की नवीन ऑर्डर त्याच ३० दिवसांच्या अटीवर लगेच घेऊ.

कळावे, लोभ असावा.

आपला,
व्यंकटेश
मालक, टेरी टॉवेल व चादर कारखाना, सोलापूर

सोबत : २ जूनच्या सहीच्या ऑर्डरची प्रत, दोन्ही बिले, ट्रान्सपोर्टच्या शिक्क्याच्या पावत्या, क्रेडिट नोट, १० नोव्हेंबरपर्यंतचा खातेउतारा