माझ्या नावाने व फोटोने चालणारे बनावट खाते तातडीने बंद करण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी (भारत)

दिनांक: 18 ऑगस्ट 2025

महोदय/महोदया,

मी डॉ. रेवती सोनपेठकर, एम.डी. (मेडिसिन). परभणीत माझा दवाखाना आहे आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे माझी नोंदणी आहे. तुमच्या सोशल मीडिया ॲपवर माझे एकच खाते आहे: @drrevati.sonpethkar. @dr_revati_sonpethkar_sugarcare हे खाते माझे नाही. मी ते उघडलेले नाही आणि कोणाला उघडायलाही सांगितलेले नाही.

या खात्यावर माझे नाव, माझी पदवी आणि माझा फोटो आहे. फोटो सेलूच्या मधुमेह तपासणी शिबिरातला असून तो माझ्याच खात्यावरून उचललेला आहे. मागचा शिबिराचा फलक कापून तिथे एका चूर्णाची जाहिरात चिकटवली आहे. ‘गोळ्या आणि इन्सुलिन कायमचे बंद’ असा दावा करून लोकांना मेसेज करायला सांगतात, मग क्यूआर कोड पाठवून आगाऊ पैसे घेतात. काही पोस्ट पैसे भरून केलेल्या जाहिराती म्हणूनही लोकांना दिसत आहेत. म्हणजे त्या दाखवण्याआधी तुमच्याकडे कोणीतरी पैसे भरले आहेत, आणि ते कोणी भरले याची नोंद तुमच्याकडेच आहे.

ही केवळ माझ्या बदनामीची तक्रार असती, तर मी इतक्या कळकळीने लिहिले नसते. जिंतूर तालुक्यातल्या एका गावातून माझ्याकडे अनेक वर्षे येणाऱ्या एक मावशी परवा उलट्या आणि धाप लागलेल्या अवस्थेत आल्या. साखर पाचशेच्या वर होती आणि लघवीत कीटोन होते. इन्सुलिन का थांबवलं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “तुम्हीच तर सांगितलं ना मॅडम, सुई बंद करा म्हणून. पोरानं मोबाईलवर दाखवलं तुमचं.” पुण्यात कामाला असलेल्या मुलाने आईसाठी पैसे भरून ते चूर्ण मागवले होते. माझा फोटो दिसला म्हणून त्याने विश्वास ठेवला. मावशी आता सावरत आहेत. त्यांचे नाव मी इथे देणार नाही. इन्सुलिनवर असलेल्या रुग्णाने ते अचानक बंद केले, तर काही दिवसांतच जिवावर बेतू शकते. माझ्या चेहऱ्यावर भरवसा ठेवून आणखी किती जणांनी सुई बंद केली आहे, हे मला कळायला मार्ग नाही. या खात्याने कोणाकोणाला मेसेज पाठवले ते तुम्हाला मात्र दिसते.

ॲपमधून ‘दुसऱ्याचे रूप घेणे’ या कारणाखाली मी आधीच तक्रार केली होती. ‘हे खाते आमच्या नियमांचे उल्लंघन करत नाही’ असे उत्तर आले. माझे ओळखपत्र कोणी पाहिले का, दोन्ही खात्यांवरचे फोटो शेजारी ठेवून तपासले का, याचा त्या उत्तरात उल्लेखही नाही. त्या खात्याने मला ब्लॉक केले आहे, त्यामुळे माझ्या फोनवर ते उघडत नाही. सोबतचे स्क्रीनशॉट माझ्या दवाखान्यातल्या सहकाऱ्याच्या फोनवरून काढले आहेत. मला दिसत नाही म्हणून खाते अस्तित्वात नाही, असा निष्कर्ष कृपया काढू नका.

माहिती तंत्रज्ञान नियम, 2021 मधील नियम 3(2)(ब) नुसार तोतयेगिरीबाबत त्या व्यक्तीनेच तक्रार केल्यास ठरलेल्या मुदतीत मजकूर हटवणे किंवा त्यापर्यंतचा प्रवेश बंद करणे तुमच्यावर बंधनकारक आहे. ही तक्रार मी स्वतः, ओळखपत्रासह करत आहे. शिवाय मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात 1954 च्या औषधी व जादुई उपचार कायद्याने मुळातच निषिद्ध आहे.

त्यामुळे केवळ एखादी पोस्ट काढून थांबू नका. संपूर्ण खाते आणि त्याच्या सर्व जाहिराती बंद करा. तोच फोटो वापरून उद्या दुसऱ्या नावाने खाते उघडले जाईल, ते रोखण्याची सोय करा. ज्यांनी या खात्याला मेसेज केले त्यांना ते बनावट होते असे मराठीत कळवा, आणि बंद केलेले औषध आपल्या डॉक्टरांना विचारून ताबडतोब सुरू करावे, ही ओळ त्यात अवश्य असू द्या. माझ्या लेखी हे काम सर्वांत निकडीचे आहे.

खाते बंद करताना पुरावा मात्र पुसू नका. नोंदणीचा मोबाईल क्रमांक, ईमेल, लॉगिनचे आयपी पत्ते आणि जाहिरातीच्या पैशांचा तपशील जपून ठेवा. हटवलेला मजकूर आणि संबंधित नोंदी तपासासाठी 180 दिवस जतन करण्याची तरतूद याच नियमांत आहे. cybercrime.gov.in वर मी तक्रार नोंदवली आहे आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी व 66डी खाली कारवाईची मागणी केली आहे. पोलीस तुमच्याकडे ही माहिती मागतील.

सोबत नोंदणी प्रमाणपत्र, आधारची झाकलेल्या क्रमांकाची प्रत, मूळ फोटो, बनावट खात्याचे व जाहिरातींचे स्क्रीनशॉट, तुमचे आधीचे उत्तर आणि सायबर तक्रारीची पोच जोडली आहे. कारवाई नाकारायची असल्यास कारण लेखी द्या, म्हणजे मला तक्रार अपील समितीकडे जाता येईल.

आपली,
डॉ. रेवती सोनपेठकर
परभणी