थेट सेकंड इयर इलेक्ट्रिकलला ॲडमिशन का पाहिजे

मी लातूरहून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय, सुट्टीत गावाकडं औसा रोडला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम करतो. रब्बीत बोअरच्या मोटारी नुसत्या रांगेत पडलेल्या असतात. स्टार कनेक्शनची मोटार उघडली की कधी कधी दोन फेजच्या कॉइल जळालेल्या अन् तिसरी एकदम कोरी, म्हणजे एक फेज गेला होता अन् मोटार दोनवरच ओढत राहिली, हे बघितल्याबरोबर कळतं. पण करंट नेमका किती वाढतो, रिले कितीवर सेट करायचा, याचं गणित मला पक्कं पाहिजे, डिप्लोमात ते वरवरच झालं. मॅथ्स जड जाईल हे माहितीय, पुस्तकं आणून आत्ताच सुरू केलंय. शिकून शेतकऱ्याला परवडेल असं प्रोटेक्शन पॅनल बनवायचंय, कारण एक मोटार जळली की ऐन हरभऱ्याचं पाणी चुकतं.